अंथरुणाला खिळलेल्यांसाठी निघालेल्या आवाहनपत्राबद्दल : एका सेवाभावी संस्थेच्या कार्यकारी समितीला खुले पत्र

आदरणीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

चवथीच्या आठ दिवस आधी तुमचं देणगीचं आवाहनपत्र आमच्या घरी आलं. मी तुमची साधी सभासद आहे, दरवर्षी जमेल तेवढी देणगी देते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून गावच्या वाचनालयाचे हिशेब सांभाळते आणि त्या वाचनालयासाठी अशी पत्रं मी स्वतःही लिहिली आहेत. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा पाकीट बंद करून बाजूला ठेवलं. ज्या संस्थेच्या सिस्टरने माझ्या सासूबाईंची शेवटचे चौदा महिने शुश्रूषा केली, तिचं पत्र वाचून मला पैसे काढून द्यावेसे वाटू नयेत, हे मनाला फार लागलं. म्हणून लिहायला बसले. संस्थेचं नाव मुद्दाम घेत नाही. डिचोली-सत्तरी भागातल्या इतर छोट्या संस्थांची पत्रंही याच दिवसांत येतात आणि त्यांतही हेच दोष असतात. त्यांनाही उपयोग व्हावा म्हणून हे उघडपणे लिहिते आहे.

पत्राच्या सुरुवातीचे तीन परिच्छेद संस्थेची स्थापना, उद्घाटनाला आलेले पाहुणे आणि पंधरा वर्षांची वाटचाल यांवर आहेत. चौथ्यात 'गोव्यात वृद्धांची संख्या झपाट्याने वाढत आहे' हे वाक्य आहे. पाचव्यात आजींचा फोटो. अंथरुणावर कुशीवर वळवलेल्या, पाठीखालची जखम उघडी, चेहरा स्पष्ट, खाली नाव आणि गाव. त्यानंतर 'सढळ हस्ते यथाशक्ती मदत करावी' आणि मग क्यूआर कोड.

आधी फोटोबद्दल बोलते. आपला गोवा केवढा, त्यात सत्तरी केवढी! त्या आजींचं नाव आणि गाव वाचल्यावर वाळपईच्या बाजारात निम्म्या लोकांना घर कळलं असेल. त्यांचा मुलगा वेर्ण्याला कारखान्यात कामाला जातो, सून काजूच्या बागेत राबते. दोघं आपल्यापरीने सगळं करतात, हे तुमच्याच सिस्टरने मला सांगितलेलं आहे. पत्र वाचणाऱ्याला मात्र असंच वाटेल की घरच्यांनी म्हातारीला टाकून दिलं. तुम्ही म्हणाल, मुलाने संमतीच्या कागदावर सही केली आहे. केली असेल. पण आठवड्यातून दोनदा जी सिस्टर आईची जखम धुते, तिनेच कागद पुढे केल्यावर 'नाही' म्हणायची कोणाची छाती होईल? उद्या ती आली नाही तर, ही भीती न बोलताही असतेच. म्हणून संमती घ्यायला सिस्टरला पाठवू नये, समितीतल्या दुसऱ्या कोणीतरी जावं. आजी शुद्धीवर आहेत, बोलतात, तर आधी त्यांना विचारावं. फोटो कुठे छापला जाणार, किती घरांत जाणार आणि नको म्हटलं तरी सिस्टर येतच राहील, हे त्यांना समजेल अशा शब्दांत सांगावं. एवढं करूनही जखमेचा फोटो नकोच. मलमपट्टीच्या साहित्याची पिशवी, स्कूटर, सिस्टरचे हात, यांतलं काहीही चालेल. नाव बदलावं आणि 'नाव बदललं आहे' हे तिथेच लिहावं.

आता मन हलतं कशाने, ते सांगते. सासूबाई पडून राहायला लागल्या त्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. सिस्टरने त्यांना कुशीवर वळवलं, माकडहाडाजवळ रुपयाएवढा तांबूस डाग होता. मला वाटलं, उन्हाळ्याचं घामोळं असेल. सिस्टरने त्या डागावर बोट दाबून धरलं, मग उचललं आणि म्हणाली, "काकी, बघा. बोट काढल्यावर इथं पांढरं पडायला हवं होतं. लालच राहिलं." कातडी अजून फुटलेली नव्हती. पण त्या जागी रक्त नीट फिरत नाही आणि असंच सोडलं तर आठवड्याभरात जखम होईल, हे तिने मला त्या एका बोटाने दाखवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत आणि डागावर चोळायचं तर मुळीच नाही, असं तिने शिकवलं. मी मोबाइलवर दर दोन तासांचा गजर लावला. तो डाग फुटला नाही.

तुमच्याकडे अशा गोष्टी शेकड्यांनी असतील, पण पत्रात एकही नाही. भीषण जखमेपेक्षा न झालेली जखम वाचकाला जास्त जवळची वाटते, असं मला वाटतं. जखम पाहून माणूस डोळे फिरवतो. बोट दाबून बघण्याची गोष्ट वाचली, की त्याला स्वतःच्या घरातली म्हातारी आठवते आणि आपण काही केलं तर काही वाचू शकतं, हेही कळतं.

आकड्यांच्या वाक्याबद्दल एक ऐकीव नाही, तपासलेली गोष्ट सांगते. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोव्हिक या अमेरिकेतल्या संशोधकांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एका कामाचे पाच डॉलर हातात दिले आणि त्यांतून आफ्रिकेतल्या भुकेसाठी दान मागितलं. काहींना फक्त एका सात वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं, त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. काहींना लाखोंच्या उपासमारीचे आकडे दिले, त्यांनी १.१४ दिले. तिसऱ्या गटाला मुलगीही दाखवली आणि आकडेही दिले. तिथे रक्कम वाढेल असं कोणालाही वाटेल, पण ती १.४३ वर आली. आकड्यांनी त्या मुलीला झाकून टाकलं. तुमच्या पत्रात आजींच्या आधी 'झपाट्याने वाढणारी संख्या' येते, तिथे नेमकं हेच होतं. अर्थात, या प्रयोगावरून कोणाचंही दुःख उघडं मांडायचा परवाना मिळत नाही. त्या मुलीचा फोटो होता, जखमेचा नव्हता.

पुढचा मुद्दा मागण्याचा. 'यथाशक्ती' हा शब्द देवळाच्या दानपेटीवर शोभतो. तिथे देणाऱ्याला पुढचं काही ठरवायचं नसतं. घरपोच आलेल्या पत्रात तो शब्द वाचणाऱ्याला कोड्यात टाकतो. शंभर दिले तर लाज वाटेल का, हजार कमी पडतील का, असा विचार करत माणूस पत्र फ्रिजवर ठेवतो आणि ते तिथेच राहतं. रक्कम सांगायला संकोच वाटतो, हे मी समजू शकते. आपल्याकडे मागणं म्हणजे हात पसरणं असं मनात बसलेलं आहे. पण किंमत सांगणं वेगळं. तुमच्या गेल्या वर्षीच्या जमाखर्चावरून ती काढता येते, मी काढून पाहिली.

सिस्टर आणि मदतनीस या दोघींचं वर्षाचं मानधन ४,५६,००० रुपये. मलमपट्टी, हातमोजे, कॅथेटर वगैरे साहित्य १,५६,०००. पेट्रोल आणि स्कूटरची दुरुस्ती ७८,०००. खोलीचं भाडं, फोन, छपाई, लेखापरीक्षण मिळून ९०,०००. एकूण ७,८०,०००. तुमच्या अहवालात वर्षभरात १,५६० गृहभेटी झाल्याची नोंद आहे. भागाकार केला की एका भेटीला बरोबर पाचशे रुपये पडतात. त्यातले सुमारे २९२ त्या दोघींच्या श्रमाचे, १०० साहित्याचे, ५० पेट्रोलचे आणि ५८ कार्यालयाचे.

पाचशे रुपयांत एक भेट, हे वाक्य तुमच्या पत्रात कुठेच नाही! आठवड्याला दोन भेटी म्हणजे महिन्याला आठ, म्हणजे एका रुग्णाचे चार हजार. वार्षिक सभेत सचिवांनी सांगितलं की सहा रुग्ण प्रतीक्षा यादीत आहेत. सहा जणांचे महिन्याचे २४,००० होतात. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंतच्या सहा महिन्यांचे १,४४,०००. म्हणजे १४४ जणांनी एकेक हजार दिले तर ही यादी मार्चपर्यंत रिकामी राहते. वाचणाऱ्याला समजतं, त्याचे हजार म्हणजे दोन भेटी आणि आपण १४४ जणांतले एक.

यात एक मर्यादा आहे, ती लपवू नका. पाचशे ही सरासरी आहे. डिचोली शहरातल्या घरी जाणं स्वस्त पडतं, म्हादईच्या पलीकडच्या वाड्यावर पावसाळ्यात जाणं महाग. शिवाय सहा रुग्ण वाढले तर भाडं वाढणार नाही, पण सिस्टरच्या हाताखाली अर्धवेळ माणूस लागेल. म्हणून 'सरासरी' हा शब्द पत्रात असू द्या. 'पाचशे रुपयांत एका आजीचं आयुष्य वाचवा' असलं काही लिहू नका, कारण ते खरं नाही आणि सिस्टरही तसं कधी म्हणत नाही.

आता सर्वांत अवघड भाग. पत्रात ठळक अक्षरांत आहे : 'आपल्या देणगीतील शंभर टक्के रक्कम रुग्णांपर्यंत पोचते.' तुमच्याच जमाखर्चात कार्यालयीन खर्च शंभरात साडेअकरा रुपये दिसतो. तो वाजवी आहे. त्यात लेखापरीक्षण आहे, रुग्णांचे फोन घेण्याची सोय आहे. शंभर टक्के म्हणायचं तर कोणीतरी वेगळा माणूस हा खर्च स्वतःहून उचलतो असं दाखवावं लागेल, आणि तसं असेल तर तेही लिहावं. नाहीतर वाचक दोनच अर्थ काढेल. एकतर तुम्ही हिशेब नीट ठेवत नाही, नाहीतर खोटं बोलता. दोन्ही खरं नाही, मग का ओढवून घ्यायचं? 'शंभरातले सुमारे साडेअठ्ठ्याऐंशी रुपये थेट भेटींवर जातात, उरलेले कार्यालय आणि तपासणीवर' हे सरळ वाक्य मला जास्त विश्वासाचं वाटतं.

त्याहून मोठी गोष्ट वाहन निधीची. तीन वर्षांपूर्वी तुम्ही जुनी व्हॅन घेण्यासाठी आवाहन केलं होतं. मी दोन हजार दिले होते. १,१२,००० जमले, व्हॅन आली नाही. ताळेबंदात 'वाहन निधी' म्हणून ती रक्कम तशीच दिसते, बँकेत ठेव म्हणून सुरक्षित आहे. पैसे कुठेही गेलेले नाहीत, याची मला खात्री आहे. पण देणाऱ्यांना कोणी काही कळवलंच नाही. ताळेबंद वाचणारे किती? बाकीचे आपापसांत बोलतात. परवा देवळात एक बाई मला म्हणाल्या, "त्या गाडीचं काय झालं हो?" मला उत्तर माहीत होतं म्हणून देता आलं. एका कामासाठी मागितलेला पैसा त्याच कामासाठी बांधलेला असतो. काम होत नसेल तर देणाऱ्याला पत्र पाठवून सांगावं : व्हॅनची किंमत आवाक्याबाहेर गेली, ही रक्कम गृहभेटींसाठी वापरायला तुमची हरकत असेल तर महिन्याच्या आत कळवा, रक्कम परत देऊ. आणि नव्या आवाहनात याचा उल्लेख तुम्ही आपणहून करावा, कोणी विचारायच्या आधी. यापुढे प्रत्येक मागणीत 'जास्त जमले तर काय, कमी जमले तर काय' ही दोन वाक्यं ठेवलीत की असा प्रसंगच येणार नाही.

क्यूआर कोडचंही सांगते. मी फोनवरून तो स्कॅन केला तर संस्थेचं नाव न येता एका व्यक्तीचं नाव आलं. ती व्यक्ती मी ओळखते, प्रामाणिक आहे, म्हणून मी घाबरले नाही. पण मडगावच्या अनोळखी माणसाने तिथेच फोन बंद केला असेल, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. संस्थेच्या खात्याचाच कोड बँकेतून काढून घ्या, तोवर कोडशिवाय फक्त खाते क्रमांक छापा.

पत्रात 'देणगी शंभर टक्के करमुक्त' असं लिहिलंय, ते काढून टाका. आयकर कायद्याखाली तुमच्यासारख्या संस्थेला दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाशी जोडलेल्या मर्यादेत. चार हजार दिले तर दोन हजार उत्पन्नातून वजा होतात. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे, सेस सोडून, चारशे रुपये वाचतात. नवी करप्रणाली घेतलेल्याला काहीच मिळत नाही. दोन हजारांवर रोख दिली तर त्यावर वजावट नाही. आणि मिळणारी वजावट मिळावी म्हणून संस्थेने वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणग्यांचं विवरण भरून देणगीदाराला प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यात देणगीदाराचा पॅन लागतो. तुमच्या पत्रासोबतच्या फॉर्ममध्ये पॅनची जागाच नाही, म्हणून मेमध्ये तुमची धावपळ होते आणि आम्हाला प्रमाणपत्र मिळत नाही. एक रेघ वाढवलीत की काम भागेल.

आणि ती शेवटची ओळ, 'परदेशस्थ गोवेकरांनीही याच खात्यात देणगी पाठवावी', ती तर आजच खोडा. आपल्या प्रत्येक वाड्यावरचं कोणीतरी इंग्लंडात आहे आणि त्यांतल्या पुष्कळांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला आहे. दुबईत नोकरी करणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. पण ज्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं, तो कायद्याने परदेशी स्रोत ठरतो, ओसीआय कार्ड असलं तरी. मग तो तुमच्या शेजारचाच, चवथीला माटोळी बांधायला येणारा मुलगा का असेना. त्याचे पैसे घ्यायला एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावे लागतात. तुमच्याकडे ती नोंदणी नाही. फॉर्मवर 'मी भारतीय नागरिक आहे' अशी खूण करायची जागा ठेवा.

तक्रार करून थांबणं बरं नाही, म्हणून मसुदाही लिहून पाठवते. सोयीने बदला.

'कमलाबाईंच्या पाठीवर रुपयाएवढा लाल डाग होता. (नाव बदललं आहे.) सिस्टरने बोट दाबून पाहिलं, डाग पांढरा पडला नाही. तिने सुनेला दर दोन तासांनी कूस बदलायला शिकवलं आणि आठवड्यातून दोनदा येत राहिली. डाग जखम होण्याआधीच गेला. आमच्या यादीत आणखी सहा जण आहेत, त्यांच्याकडे जायला आमच्याकडे माणूस नाही. एका भेटीला सरासरी पाचशे रुपये खर्च येतो. ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांसाठी आम्हाला १,४४,००० रुपये हवे आहेत. आपण एक हजार रुपये, म्हणजे दोन भेटींचा खर्च, ३० सप्टेंबरपूर्वी द्याल का? कमी जमले तर जितक्यांचा खर्च निघेल तितक्या रुग्णांपासून सुरुवात करू. जास्त जमले तर पुढच्या वर्षीच्या भेटींसाठी ठेवू. वाहन निधीत जमलेल्या १,१२,००० रुपयांतून व्हॅन घेता आलेली नाही, रक्कम बँकेत आहे, त्याबद्दल त्या देणगीदारांना वेगळं पत्र पाठवत आहोत. एप्रिलमध्ये किती जमले, किती भेटी झाल्या, हे आपल्याला कळवू.'

एवढंच, एका पानात बसतं. पंधरा वर्षांचा इतिहास हवा तर मागच्या बाजूला छापा. एप्रिलचं ते पत्र मात्र खरंच पाठवा, पैसे न देणाऱ्यांनाही. वाचनालयाच्या अनुभवावरून सांगते, दुसऱ्या वर्षी देणारे बहुतेक त्या हिशेबाच्या पत्रामुळे देतात.

आवाहनपत्राच्या सुमारे दोनशे प्रती अजून कार्यालयात वाटायच्या राहिल्या आहेत असं कळलं. त्या थांबवा. ज्यांच्या घरी आधीच गेल्या आहेत तिथून फोटो परत आणता येणार नाही, पण समितीतल्या कोणीतरी त्या आजींच्या घरी जाऊन त्यांच्याशी आणि सुनेशी बोलावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. सोबत कोणी हवं असेल तर मी येते. सोमवारी दुपारी वाचनालयात असते, तिथे निरोप ठेवा.

आपली,
एक सभासद आणि देणगीदार
डिचोली